आठवड्याला, आठवडाभर

चमचाबाई हे नाव तिला पाठीमागे पडलं होतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. चमचा म्हणजे साहेबाच्या पुढंपुढं करणारा माणूस. बाई त्यातली मुळीच नव्हती. उभ्या आयुष्यात तिनं कोणाची मर्जी सांभाळली असेल तर शपथ. नाव पडलं ते वेगळ्याच कारणानं. औषधाची माहिती सांगताना ‘चमचा’ हा शब्द जो उच्चारील त्याची ती जागच्या जागी सालटी काढायची.

"कुठला चमचा?" ती विचारायची. "तुझ्या घरचा, माझ्या घरचा, की पोरं माती उकरतात तो? एकात तीन एमएल मावतं, दुसऱ्यात सात. पाच एमएल म्हणायला तोंड दुखतं का तुझं?"

एका मोठ्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या लांबट खोलीत तिची नोकरी होती. खोलीत पाच टेबलं, पाच फोन, संगणकांचे पाच पडदे. लोक फोन करून औषधांबद्दल विचारायचे. ही गोळी जेवणाआधी की नंतर, दोन औषधं बरोबर चालतात का, एक वेळ चुकली तर काय करायचं. रोग कोणता ते सांगायचं नाही, औषध बदलायचं नाही, डॉक्टरांनी लिहिलेलं नीट समजावून सांगायचं, एवढंच काम. टेबलांवर बसणारे पाचही जण औषधशास्त्र शिकलेले होते. अडलं तर खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना विचारता येई.

काम ऐकायला सोपं, करायला अवघड. भरवशाची सगळी माहिती पडद्यावर इंग्रजीत, आणि पलीकडे कानाला फोन लावून बसलेला माणूस मराठीत विचारणारा. त्या मधल्या दोन-चार सेकंदांत वाक्य भाषा बदलायचं, आणि तिथंच घात व्हायचा. ‘रिकाम्या पोटी’ म्हटलं की लोक सकाळचा चहा घेऊन गोळी घेत. चहा त्यांच्या लेखी खाण्यात जमा नव्हता. ‘दोन दिवसांआड’ म्हटलं की कोणी मधे एक दिवस सोडी, कोणी दोन. ‘गरज पडल्यास’ म्हटलं की काहींना दर तासाला गरज पडे. ‘अर्धा मिलिग्राम’ची लोक अर्धी गोळी करत, मग गोळी कितीचीही असो. मायक्रोग्राम आणि मिलिग्राम यांत हजारपटीचा फरक, पण फोनवर दोन्ही शब्द सारखेच पुटपुटल्यासारखे ऐकू येत.

चमचाबाईनं यावर एकच उपाय धरला होता. संदिग्ध बोलायचं नाही, आणि सांगितलेलं समोरच्याकडून परत वदवून घ्यायचं. "आता तुम्ही मला सांगा. मी काय सांगितलं?" एकदा चुकलं तर पुन्हा. दुसऱ्यांदा चुकलं तर आवाज चढायचा. एका आजीबाईंकडून तिनं इतक्या वेळा वदवून घेतलं की त्या फोनवरच रडायला लागल्या. "रडा," बाई म्हणाली, "पण रडून झालं की परत सांगा. किती एमएल?"

आजीबाईंनी हुंदके देत बरोबर सांगितलं. मग त्यांच्या नातवानं तक्रार केली.

तक्रारी तशा सारख्याच यायच्या. साहेब तिला केबिनमध्ये बोलवायचे, काचेचं दार बंद करायचे आणि म्हणायचे, "बाई, माणसं आधीच घाबरलेली असतात हो."

"घाबरलेली माणसं नीट ऐकत नाहीत, म्हणून तर परत विचारते."

"जरा गोड बोलून विचारा."

"गोड बोललं की त्यांना गोडवा लक्षात राहतो. आकडा राहत नाही."

घरीही तिची हीच तऱ्हा. नवऱ्यानं "मीठ जरा कमी आहे" म्हटलं की ती विचारी, "जरा म्हणजे?" तो चित्रकला शिकवून निवृत्त झालेला मवाळ गृहस्थ. पहिली काही वर्षं हसला, पुढं गप्प बसायला शिकला, आणि शेवटी शेवटी मीठ स्वतः उठून घ्यायला लागला. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. तिच्या बाळाला ताप आला की ती आईला कळवायची, पण ताप उतरल्यावर. एकदा बाईनं विचारलं, "मला का नाही विचारलंस? माझं कामच आहे ते." मुलगी म्हणाली, "आई, मला तेव्हा परीक्षा द्यायची नव्हती."

त्या दिवशी टेबलावर तिनं सगळ्यांना धारेवर धरलं.

सगळ्यांत जास्त धारेवर धरली जाई ती शेजारच्या टेबलावरची साखर. तिचं हे नाव फोन करणाऱ्यांनीच पाडलं होतं, "त्या साखरेसारखं बोलणाऱ्या ताई आहेत का?" असं लोक विचारायचे. तिशीतली, हसतमुख, आवाज असा की ऐकणाऱ्याचं निम्मं दुखणं तिथंच पळावं. अभ्यासातही कच्ची नव्हती. पडद्यावरचं इंग्रजी ती बाईपेक्षाही भरभर वाचायची. फक्त मराठीत सांगताना ती ओघात सांगायची, घरातल्या माणसाशी बोलावं तशी. वदवून घेणं तिला पटत नसे. "म्हाताऱ्या माणसाला काय शाळेतल्या पोरासारखं उभं करायचं?" ती म्हणे.

बाईचा एक कान कायम साखरेच्या टेबलाकडे असायचा. ‘थोडंसं’ आलं की बाई टेबलावर पेन आपटायची. ‘चमचा’ आला की खुर्ची फिरवायची. ‘सकाळ-संध्याकाळ’ म्हटलं की मोठ्यानं म्हणायची, "दर बारा तासांनी!" सगळ्या चुकांना तिचा एकच सूर होता. केसाएवढी असो की जिवावर बेतणारी, चूक दिसली की पाणउतारा ठरलेला. साखर पहिल्या वर्षी स्वच्छतागृहात जाऊन रडायची. दुसऱ्या वर्षी तिनं रडणं सोडलं आणि ऐकणंही सोडलं. बाईचा आवाज तिच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखा झाला.

त्या दिवशी दुपारी साखरेला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. ते एका कचेरीत लिफ्टमन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बायकोच्या हाताचे सांधे सुजून वाकडे झाले होते. नवीन डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली होती. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं ते दोघांच्या नीट लक्षात राहिलं नव्हतं. "आठवड्याचं काहीतरी म्हणाले होते," काका म्हणाले. चिठ्ठी इंग्रजीत, पाकिटावरची अक्षरं इंग्रजीत. दुकानदारानं पिशवी हातात देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं होतं.

काकांनी एकेक अक्षर जुळवून नाव वाचून दाखवलं. मेथोट्रेक्सेट, दहा मिलिग्राम. साखरेनं पडद्यावर पाहिलं. इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की सांधेदुखीसाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज घेतल्यास जिवावर बेतू शकतं. तिनं ते बरोबर वाचलं, तिला ते आधीपासून ठाऊकही होतं. आणि ती आपल्या मऊ आवाजात म्हणाली, "काही अवघड नाही काका. आठवडाभर एकच गोळी हं. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. काकूंना बरं वाटेल, काळजी करू नका."

तिच्या मनात होतं ते असं, की सबंध आठवड्याला मिळून एकच गोळी. काकांनी ऐकलं ते असं, की आठवडाभर, रोज, एकच.

"एकच ना?" काकांनी विचारलं.

"एकच. दुखलं तरी दुसरी नाही द्यायची."

"नाही देणार," काका म्हणाले. "देव तुमचं भलं करो."

शेजारी बाई दुसऱ्याच फोनवर होती. ‘मेथोट्रेक्सेट’ हा शब्द आणि ‘आठवडाभर’ हा शब्द, एवढे दोन तिच्या कानावर पडले. तिचा फोन संपेपर्यंत साखरेचाही संपला होता.

"आठवडाभर काय म्हणालीस?" बाईनं खुर्ची फिरवली. "आठवड्याला म्हणतात. वार ठरवून द्यायचा. फक्त बुधवारी, बाकी दिवस नाही. उचल फोन, परत सांग त्यांना."

"त्यांना कळलंय ताई. एकच म्हणाले ते दोनदा."

"एकच कळलं. कधी ते कळलं का? भाषा येत नाही तर बसतेस कशाला इथं?"

पलीकडच्या दोन टेबलांवरच्या माना वळल्या. साखरेचं तोंड लाल झालं. "करते," ती म्हणाली, आणि हेडफोन काढून ठेवून पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा तिचा फोन वाजत होता. तो घेतला, मग पुढचा घेतला. रोज ऐकू येणाऱ्या दहा टोमण्यांतला हा एक. त्यातला कोणता खरा आणि कोणता नुसता डंख, हे निवडायची तिची सवय कधीच मोडली होती.

काकांचा नंबर साखरेच्या पडद्यावर होता. बाईला उठून फक्त दोन पावलं टाकायची होती आणि स्वतः फोन लावायचा होता. पण तिनं तो लावला नाही. तिला वाटलं, आपण सांगितलं, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात साखर सुटीवर होती. सकाळी काकांचा फोन आला आणि तो बाईनं उचलला.

"त्या गोड ताई नाहीत का?"

"मी आहे. बोला."

बायकोच्या तोंडात फोड आले होते. ओठ, जीभ, गाल आतून सोलवटून निघाले होते. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. काल रात्रीपासून ताप होता, अंगावर जांभळे डाग दिसत होते. तोंडाला लावायला काही मलम मिळेल का, एवढंच काकांना विचारायचं होतं.

"कोणती औषधं चालू आहेत?"

काकांनी अक्षरं वाचायला सुरुवात केली. चौथ्या अक्षराला बाईनं नाव ओळखलं.

"ही गोळी कशी देता?"

"सांगितलं तशी. आठवडाभर एकच. पहिला आठवडा झाला, आता दुसरा चालू केलाय. आज सकाळीही एक दिली. फार कळा यायच्या हो तिला. अजून एक दे म्हणून हात जोडायची. पण मी नाही दिली, बाई. एकच सांगितलीय म्हटलं, एकच."

"रोज एक?"

"रोज एक. आज नववा दिवस. एकही चुकवला नाही."

बाई उभी राहिली. तिचा आवाज आता कोणी कधी ऐकला नव्हता इतका सपाट झाला. "काका, नीट ऐका. ती गोळी आता परत द्यायची नाही. ती आठवड्यातून एकदा घ्यायची होती. रोज नाही. काकूंना आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. मलम शोधत बसू नका. गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. तिथं पोचलात की सांगायचं, मेथोट्रेक्सेट दहा मिलिग्राम, रोज एक, नऊ दिवस दिली. म्हणा बरं."

पलीकडे पाकीट खाली पडल्याचा आवाज आला.

"म्हणा."

"मेथो... दहा मिलिग्राम," काका म्हणाले. "रोज एक. नऊ दिवस."

"दिली कोणी?"

हा प्रश्न तिनं का विचारला, ते तिला पुढं कधीही सांगता आलं नाही. वदवून घेण्याची सवय जिभेला लागली होती, एवढंच.

"मी दिली," काका म्हणाले.

कुठल्या दवाखान्यात नेणार, ते तिनं विचारून घेतलं. "निघा आता."

ती धावत खाली डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी ऐकताच काका जिथं जाणार होते तिथल्या तातडीच्या विभागाला फोन लावला. उतारा म्हणून जे औषध द्यायचं ते फॉलिनिक ॲसिड. या गोळीबरोबर डॉक्टरांनी लिहून दिलेलं, काकूंच्या घरी दुसऱ्या पाकिटात होतं ते फॉलिक ॲसिड. नावात एका अक्षराचा फेर, पण अशा वेळी फॉलिकवर भागत नाही. डॉक्टरांनी फोनवर ते नाव तोडून तोडून दोनदा उच्चारलं. पलीकडच्या डॉक्टरांना ते माहीतच होतं; त्यांनी काकू पोचायच्या आधी इंजेक्शन मागवून ठेवलं. कोणी हयगय केली नाही. जे करायचं ते सगळं वेळच्या वेळी झालं.

तरी काकू वाचल्या नाहीत. मूत्रपिंडं आधीच अशक्त होती, गोळी अंगातून निघेना. हाडांच्या आत रक्त तयार व्हायचं थांबलं होतं. बाहेरून रक्त चढवलं, प्रतिजैविकं दिली, पण जंतूंना अडवायला अंगात काही उरलं नव्हतं. शेवटचे दिवस त्यांना बोलता येत नव्हतं, तोंड उघडलं की रक्त यायचं. काका उशाशी बसून राहायचे. नर्स कोणतंही औषध घेऊन आली की हात आडवा धरून विचारायचे, "हे किती वेळा? रोज का?"

साखर सुटीवरून परत आली तेव्हा साहेबांच्या केबिनची काच बंद होती. बराच वेळ ती आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मग बाईला बोलावणं आलं.

"आपली भाषा चुकलेली नाही," साहेब म्हणाले. "आठवडाभर एकच, हे ती म्हणाली. अर्थ लावण्यात त्यांची गफलत झाली."

"ऐकणाऱ्याला दोन अर्थ लागतील असं बोलणं म्हणजे चूकच."

"तुम्ही तिथंच होतात ना? मग तुम्ही का नाही दुरुस्त केलं?"

ती सांगू शकली असती की मी बजावलं होतं. ते खरंही होतं. पण पुढचा प्रश्न तिला दिसत होता, की मग फोन झाला का हे पाहिलंत का. "मी सांगितलं," ती एवढंच म्हणाली, "आणि पाहिलं नाही."

दवाखान्यानं काकांच्या घरी एक पत्र पाठवलं. इंग्रजी मजकुरात संवादात त्रुटी राहिल्याचा उल्लेख होता. खाली मराठीत लिहिलं होतं, ‘आपल्या समजण्यातील चुकीबद्दल आम्हांस खेद वाटतो.’ दोन्हींखाली एकच सही होती. बाईनं ती प्रत साहेबांच्या टेबलावर पाहिली आणि म्हणाली, "हे मराठी त्या इंग्रजीचं भाषांतर नाही." साहेब म्हणाले, "तुम्हाला कोणी तपासायला दिलेलं नाही."

काही दिवसांनी काका स्वतः आले. फोनवरच्या लोकांना कोणी भेटायला येत नसे, म्हणून खोलीत सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. इस्त्री केलेला सदरा, हातात कापडी पिशवी. जिना चढून आले होते. "लिफ्ट चालू आहे काका," शिपाई म्हणाला. "माहीत आहे," ते म्हणाले.

"या काका," म्हणत साखर पुढं झाली. काकांनी आवाजावरून तिला ओळखलं आणि त्यांचा चेहरा हलला. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, मला माफ करा. पण तुम्ही काही वाईट वाटून घेऊ नका. काकूंचं दुखणंच तसं होतं. शरीर थकलेलं होतं त्यांचं. कोणाचाच दोष नाही हो."

काकांना ते ऐकून बरं वाटलं असावं, असं त्यांच्याकडे पाहणाऱ्या सगळ्यांना वाटलं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्या बाई कोण? त्या शेवटी बोलल्या त्या?"

बाई उठून उभी राहिली.

"तुम्ही खरं सांगता असं वाटलं मला," काका म्हणाले. "सगळे मला म्हणतात दुखण्यानं गेली. मुलगा तेच म्हणतो, डॉक्टरही तसंच काहीसं म्हणतात. तुम्ही सांगा. ती दुखण्यानं गेली की गोळीनं?"

साखरेनं बाईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, डोळ्यांनी विनवलं. साहेब काचेमागून उठून दारात आले. सगळी खोली तिच्या तोंडाकडे बघत होती. एक शब्द बदलला असता तर पुरलं असतं. कुणाचं नुकसान नव्हतं, मेलेल्या काकूंना काही कळणार नव्हतं. पण बाईला विचारलं होतं ते औषधाबद्दल, आणि औषधाच्या प्रश्नाला तिच्याकडे एकाच जातीचं उत्तर होतं.

"गोळीनं," ती म्हणाली. "सांध्यांच्या दुखण्यानं असं कोणी जात नाही. आठवड्याची गोळी रोज गेली म्हणून गेल्या."

"म्हणजे मी दिली म्हणून."

"हातानं तुम्ही दिलीत. तसं द्यायला आमच्या टेबलावरून सांगितलं गेलं. सांगितलेलं चुकीचं होतं ते मी ऐकलं, आणि दुरुस्त झालं की नाही ते पाहिलं नाही. तिघांनी मिळून."

सगळं खरं होतं. कमी नाही, जास्त नाही, ज्याचं त्याच्या वाट्याला. पण काकांना पहिल्या वाक्यापलीकडचं काही ऐकू आलं नाही. ते खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर घेतली. "हात जोडायची हो," ते कोणाला तरी म्हणाले, "आणि मी म्हणायचो एकच, एकच." साखर त्यांच्यापाशी खाली बसून रडायला लागली. बाई उभीच होती. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिच्या मनात आलं, पण हात कुठं ठेवतात, कसा ठेवतात हे तिला त्या क्षणी सुचेना. ती म्हणाली, "पाणी घेता का?"

दुसऱ्या दिवशी काकांचा मुलगा आला. आल्या आल्या ओरडला, "कोण ती बाई? माझ्या बापाला तोंडावर खुनी म्हणणारी?" तक्रार त्यानं लेखी दिली, आणि ती साखरेविरुद्ध नव्हती. साखरेनं तर वडिलांचे हात धरले होते, त्यांच्याबरोबर रडली होती. तक्रार चमचाबाईविरुद्ध होती. साहेबांना एवढं निमित्त पुरलं. ‘लोकांशी बोलण्यास अयोग्य’ असा शेरा मारून तिला काढलं. निरोप म्हणून कोणी काही बोललं नाही. तिनं खण रिकामा केला, मापाचा प्लास्टिकचा छोटा पेला टेबलावर तसाच ठेवला आणि जिन्यानं खाली गेली. पुढं नव्या माणसांना फोनवर कसं बोलायचं ते शिकवायचं काम साखरेकडे आलं. ती आता वदवून घ्यायला शिकवते, वार ठरवून द्यायला शिकवते. चांगलं शिकवते. शिकवताना हे कशावरून शिकलो ते सांगत नाही.

घरी नवरा म्हणाला, "आता जरा आराम कर." बाईनं जरा म्हणजे किती ते विचारलं नाही. त्यामुळे तो घाबरला.

काही महिन्यांनी साखरेचा फोन आला. "ताई, काका पडले. अर्धं अंग गेलंय. त्यांची रक्तदाबाची गोळी होती ना, ती त्यांनी काकू गेल्यापासून बंदच केली होती म्हणे. कोणाच्या हातची गोळी नको म्हणायचे, स्वतःच्याही." ती थांबली. "तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं."

"मला का कळावं?"

"कारण तुम्हाला खरं आवडतं," साखर म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच गोडवा नव्हता. तिनं फोन ठेवून दिला.

बाईनं पत्ता शोधला आणि गेली. कशाला जातो आहोत हे तिनं स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दारात ओल्या चपला. सुनेनं दार उघडलं. सुनेनं तिला कधी पाहिलं नव्हतं. "ओळखीच्या का? या. पण ते बोलत नाहीत हं." आतल्या खाटेवर काका भिंतीकडे पाय करून पडले होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं, डोळे छताला. शेजारी पाटावर गोळ्यांची पाकिटं.

"बरं झालं आलात," सून म्हणाली. "तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का? हे कामावर गेलेत. डॉक्टरांनी चिठ्ठी बदललीय आणि मला धड कळेना."

बाईनं चिठ्ठी घेतली. खिडकीशी नेऊन वाचली, पाकिटांशी ताडून पाहिली. मग बोलायला लागली. "ही रक्त पातळ ठेवणारी. पंचाहत्तर मिलिग्राम. रोज एक, दुपारच्या जेवणानंतर. ही रक्तदाबाची. पाकीट दहा मिलिग्रामचं आहे आणि चिठ्ठीत पाच आहे, म्हणून अर्धी गोळी. रोज सकाळी. ही तिसरी रात्री, एक. आता तुम्ही सांगा."

"मी काय सांगू?"

"मी काय सांगितलं ते."

सून गोंधळली, हसली, मग सांगायला लागली. दुसऱ्या गोळीला चुकली. "पूर्ण नाही, अर्धी," बाई म्हणाली. "परत सांगा. पहिल्यापासून."

खाटेवर हालचाल झाली. दोघींनी वळून पाहिलं. काकांनी आपला हलणारा एकच हात उचलला होता. त्या हातानं त्यांनी उशीचं टोक धरलं आणि फार प्रयासानं ते कानावर ओढून घेतलं. घशातून एक आवाज आला, आणि मग तो थांबेना.

"काय झालं त्यांना?" सून धावली. "असं कधी करत नाहीत. बाबा, काय होतंय? पाणी हवं का?"

"ते आवाज ओळखतात," बाई म्हणाली.

"कोणाचा?"

बाईनं सांगितलं. सुनेचा चेहरा दगडासारखा झाला. तिनं चिठ्ठी बाईच्या हातातून काढून घेतली. "निघा," ती म्हणाली. "हे घरी यायच्या आत निघा."

बाई दाराशी गेली. चपला घातल्या. मग उंबऱ्यात थांबून, मागं न वळता म्हणाली, "मधली अर्धी. रोज सकाळी. सांगा मला एकदा, मग जाते."

आत काकांचा आवाज चालूच होता. सून दात आवळून म्हणाली, "मधली अर्धी. रोज सकाळी. झालं समाधान?"

"बरोबर," बाई म्हणाली, आणि तिनं दार ओढून घेतलं.

त्यानंतर काका जवळजवळ दोन वर्षं जगले, खाटेवरच. सुनेनं एकही गोळी चुकवली नाही.